ऐरोली पुलावर रोज थांबणारे चार्जिंग: डॅशबोर्डवर तापणाऱ्या फोनचे एक प्रकरण

ठाण्यातल्या कासारवडवलीला राहणारे आणि नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत काम करणारे एक सर्व्हिस इंजिनिअर. दिवसभर ग्राहकांच्या कारखान्यांत फेऱ्या असल्याने गाडीत मॅप सतत चालू. गाडी सीएनजीवरची छोटी हॅचबॅक. फोन मधल्या किमतीचा अँड्रॉइड, ५,००० एमएएचच्या बॅटरीचा. डॅशबोर्डच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, समोरच्या काचेला लागून वायरलेस चार्जिंगचा होल्डर चिकटवलेला. फोनला काळे जाड कव्हर.

तक्रार एप्रिलच्या मध्यात सुरू झाली. दुपारी पावणेचारच्या सुमारास महाप्याहून निघायचे, तेव्हा फोन ४६ टक्के. सत्तर मिनिटांनी कासारवडवलीला पोहोचले की ३८ टक्के. म्हणजे तासाहून जास्त वेळ चार्जरवर राहूनही बॅटरी आठ टक्क्यांनी खालीच. ऐरोली पुलावर चढले की स्क्रीन आपोआप मंद व्हायची, थोड्या वेळाने फोन गरम झाल्याने चार्जिंग थांबवल्याचा संदेश यायचा. माजिवड्याला पोहोचेपर्यंत मॅपवरचा बाण गाडीच्या मागे रेंगाळायला लागायचा. तिथल्या उड्डाणपुलाखालून जायचे की वरून, हे नेमके तिथेच कळायला हवे आणि तिथेच कळत नसे. घरी पोहोचल्यावर फोन उचलला की हाताला चटका.

ॲक्सेसरीच्या दुकानात गेल्यावर सल्ला मिळाला, "साहेब, चार्जर कमजोर आहे तुमचा. तेहेतीस वॉटचा घ्या, फटाफट भरेल." चार्जर घेतला. प्रकार जास्तच बिघडला. तो का बिघडला, हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

आधी मोजणी

हाताला लागणारी ऊब फसवी असते. काचेची पाठ प्लास्टिकपेक्षा जास्त गरम भासते आणि कव्हर असेल तर काहीच कळत नाही. बॅटरीजवळ तापमानाचा सेन्सर प्रत्येक फोनमध्ये असतोच, त्याचाच आकडा बघायचा. बॅटरीचे तापमान सूचनापट्टीत दाखवणारी साधी ॲप्स मिळतात. ॲपचा आकडा खरा आहे का, हे एकदा घरी लॅपटॉपला फोन जोडून ताडून पाहता येते. त्यासाठी लॅपटॉपवर adb हे साधन असावे लागते, फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करावे लागते आणि मग ही एकच आज्ञा:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात `temperature` समोर ४६३ असा आकडा आला तर ते ४६.३ अंश सेल्सिअस. शेवटच्या अंकाआधी दशांशचिन्ह धरायचे. `status` समोर २ म्हणजे चार्ज होतो आहे, ३ म्हणजे बॅटरी उतरते आहे.

दुसरे साधन म्हणजे यूएसबी मीटर. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये तो बोटाएवढा डबा बसवला की किती व्होल्टवर किती अँपिअर जातात ते दिसते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. काही शे रुपयांची ही वस्तू, पण अंदाजपंचे खरेदी वाचवते.

मूळ मांडणीतच एका दुपारचे आकडे घेतले. आकडे गाडी सिग्नलला उभी असताना शेजारी बसलेल्या माणसाने टिपले; चालकाने चालवताना ही कामे करायची नाहीत. निघताना बॅटरी ३४ अंश. दहा मिनिटांत ३९. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीला येईपर्यंत ४४ आणि स्क्रीन मंद. पुलावर ४६ झाले आणि चार्जिंग थांबले. पूर्व द्रुतगती महामार्गावर गाडी उत्तरेला वळल्यावर ४४ पर्यंत उतरले, चार्जिंग पुन्हा सुरू झाले, त्याने तापमान पुन्हा चढले, पुन्हा थांबले. आलेख काढला असता तर करवतीचे दाते दिसले असते.

हे दाते म्हणजे बिघाड नव्हे. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर जोरात चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक असते, म्हणून फोन आधी करंट कमी करतो आणि नंतर बंदच करतो. नेमका आकडा कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे असतो. आयफोनही असेच वागतो; तो तर ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठीच बनवला असल्याचे त्याची कंपनी सांगते. एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली गाडी उघडली की आतली हवा त्याहून कितीतरी वर असते.

उष्णता कुठून येते, किती येते

इथे थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

मॅप चालू, स्क्रीन प्रखर, मोबाइल डेटा आणि जीपीएस चालू अशा फोनला साधारण ३ वॉट लागतात. स्क्रीनमधून बाहेर पडणारा थोडासा उजेड सोडला तर हे तिन्ही वॉट शेवटी उष्णताच होतात.

वायरलेस चार्जर साधारण १० वॉट ओढत असेल तर त्यातले ३ वॉटच्या आसपास वाटेतच उष्णता होतात. काही चकतीत, काही फोनच्या पाठीत. पण चकती पाठीला चिकटलेलीच असते, त्यामुळे कोणाच्या वाट्याला किती, या वाटणीला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय फोन नेमका जिथून थंड व्हायचा ती पाठ चकतीने झाकून टाकलेली.

तिसरा वाटेकरी ऊन. १६ बाय साडेसात सेंटिमीटरच्या फोनची पाठ म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर. दुपारी चारच्या तिरप्या उन्हात, काचेतून गाळून आल्यावरसुद्धा, एवढ्या काळ्या पृष्ठभागावर साधारण ४ वॉट मुरतात. इथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. होल्डरवरच्या फोनची स्क्रीन आपल्याकडे असते आणि पाठ समोरच्या काचेकडे. त्यामुळे गाडी सूर्याच्या दिशेने चालली असताना स्क्रीन सावलीत दिसते, आपल्याला वाटते फोनवर ऊन नाही, आणि तिकडे पाठ, म्हणजे बॅटरीची बाजू, भाजत असते.

एकूण १० वॉट आत आले. बाहेर किती जातात? वारा नसलेल्या हवेत एवढ्या आकाराचा फोन भोवतालापेक्षा जितके अंश जास्त गरम, तितके पाव-पाव वॉट बाहेर टाकतो. डॅशबोर्डजवळची हवा ३० अंश आणि फोन ४६ असेल तर फरक १६ अंशांचा, म्हणजे बाहेर गेले जेमतेम ४ वॉट. उरलेल्या सहांचे काय करायचे, हा फोनपुढचा पेच. ऊन कमी करणे त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात तीनच गोष्टी: चार्जिंग थांबवणे, स्क्रीन मंद करणे आणि प्रोसेसरचा वेग उतरवणे. चालकाला दिसलेली तिन्ही लक्षणे, त्याच क्रमाने नसली तरी, हीच होती.

आता ३३ वॉटच्या चार्जरने प्रकार का बिघडला, हे उघड आहे. फोनने सुरुवातीला मोठा करंट घेतला, बॅटरी आतून तापली आणि पुलावर होणारी चार्जिंगबंदी रबाळ्यालाच झाली. पुढे उन्हाने फोनला थंड होऊच दिले नाही.

पहिला बदल: कमी वॉट

गाडीत मॅप लावून चालताना बॅटरी भरून काढायची गरज नसते. ती उतरू नये एवढेच हवे असते. फोन ३ वॉट खातो, तर त्याला चार-पाच वॉट मिळाले की भागते. वरचा प्रत्येक वॉट बॅटरीत शिरताना थोडी उष्णता मागे ठेवून जातो.

म्हणून वायरलेस चकती काढली आणि गाडीच्या स्वतःच्या यूएसबी पोर्टमधून साध्या केबलने फोन जोडला. मीटरवर ४.९ व्होल्ट आणि ०.९५ अँपिअर, म्हणजे साडेचार वॉटपेक्षा किंचित जास्त. होल्डर त्याच जागी ठेवला, फक्त पकडीचा घेतला. त्याच वेळी, त्याच रस्त्याने सत्तर मिनिटांत फोन ४५ वरून ५२ टक्क्यांवर गेला. कमाल तापमान ४२ अंश. चार्जिंग एकदाही थांबले नाही. हवामान दररोज सारखे नसते, त्यामुळे अर्ध्या-एक अंशाच्या फरकाला किंमत देऊ नये. पण ४६ आणि ४२ यांतला फरक खरा आहे.

इथे एक खाचखळगा आहे. सगळ्या गाड्यांचे पोर्ट एवढा करंट देत नाहीत. म्युझिक सिस्टिमला जोडलेले काही पोर्ट फक्त अर्धा अँपिअर देतात, म्हणजे अडीच वॉट. त्यावर फोन चार्जिंगची खूण दाखवतो, पण टक्के हळूहळू उतरतातच. मीटर लावला की दोन मिनिटांत समजते. असे असेल तर बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा साधा चार्जर घ्यावा आणि त्याच्या जुन्या पद्धतीच्या चौकोनी पोर्टला केबल लावावी. फास्ट चार्जर आधीच घेतला असेल तर तो फेकायची गरज नाही. बऱ्याच फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग बंद करण्याची सोय असते. ती गाडीत बसताना बंद करायची आणि घरी पुन्हा चालू. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर तीही लावून ठेवावी, कारण भरलेली बॅटरी गरम राहणे हे अर्ध्या भरलेल्या बॅटरीपेक्षा जास्त झिजवणारे असते.

बारीक, स्वस्त केबलमध्ये व्होल्टेज गळते आणि फोनच्या टोकाची पिन तापते. मीटरवर करंट ठीक दिसतो आहे, पण पिन हाताला गरम लागते, तर केबल बदलायची. या प्रकरणात केबल ठीक होती.

दुसरा बदल: जागा

४२ अंशांवर काम चालते, पण मे महिना यायचा होता. मेच्या मध्यावर ठाण्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि आडव्या पडलेल्या काचेतून डॅशबोर्डचा माथा पूर्ण उन्हात असतो, गाडी कोणत्याही दिशेला जावो. म्हणून फोन माथ्यावरून खाली, एसीच्या जाळीवर आणायचे ठरले.

जाळी कोणती, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबई ये-जा करणाऱ्यांसाठी मजेशीर आहे. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारा रस्ता बहुतांश उत्तर-दक्षिण. सकाळी दक्षिणेकडे जाताना सूर्य पूर्वेला, म्हणजे डाव्या हाताला. संध्याकाळी उत्तरेकडे परतताना सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्या हातालाच. हा नियम फक्त ऐरोली पुलावर मोडतो: तिथे सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला जायचे असल्याने दोन्ही वेळा ऊन समोरून. चार्जिंग रोज पुलावरच का थांबायचे, त्याचे उत्तर हेच. घोडबंदर रस्त्यावर माजिवड्यापासून पुढे रस्ता वायव्येकडे वळतो आणि पाचच्या सुमारास कलता सूर्य पुन्हा समोरून डावीकडे येतो.

त्यामुळे या चालकासाठी स्टिअरिंगच्या उजवीकडची, दरवाजाजवळची जाळी सगळ्यात सावलीची. डावीकडून येणारे ऊन तिथपर्यंत पोहोचेतो स्टिअरिंग आणि चालक स्वतः आड येतात. उलट राहणारा, म्हणजे नेरूळ-वाशीहून सकाळी ठाण्याला येणारा आणि संध्याकाळी परतणारा माणूस घेतला, तर त्याचा सूर्य दोन्ही वेळा उजवीकडे. त्याने मधली जाळी निवडावी. होल्डर चिकटवण्याआधी दोन दिवस नुसते बघावे की आपल्या वेळेला ऊन कुठल्या जाळीवर पडत नाही.

जाळीवर लावल्याने दोन गोष्टी होतात. डॅशबोर्डचा माथा छपरासारखा काम करतो, आणि फोनच्या पाठीवर थंड वारा येतो. वाऱ्याचा परिणाम सावलीपेक्षाही मोठा. स्थिर हवेत जो फोन दर अंशाला पाव वॉट टाकतो, तोच वाऱ्यात त्याच्या दुपटीहून जास्त टाकतो, आणि भोवतालची हवा ३० ऐवजी विशीच्या आसपास. फोन उभा लावला तर त्याचे वरचे चार-पाच सेंटिमीटर माथ्याच्या वर डोकावत होते आणि त्या पट्टीवर ऊन पडत होते. आडवा फिरवल्यावर पूर्ण सावलीत आला. पहिल्या दिवशीचा कमाल आकडा ३६ अंश.

होल्डर बसवताना मात्र पहिला प्रयत्न फसला. चिमट्यासारखी पकड असलेला होल्डर घेतला होता. फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास, वर होल्डरचे वजन, आणि छोट्या गाड्यांच्या जाळीच्या पट्ट्या पातळ. तिसऱ्याच दिवशी खड्ड्यात पट्टी खिळीतून निसटली. पट्टी तुटली नाही हे नशीब, कारण अनेक गाड्यांत ती सुटी मिळत नाही, पूर्ण जाळीच घ्यावी लागते. मग स्क्रूने आवळणारा हुक आणि खाली डॅशबोर्डला टेकणारा टेकू असलेला होल्डर घेतला. टेकूने वजन पट्टीवरून डॅशबोर्डवर जाते. गोल जाळी असेल तर हा प्रकार बसत नाही. तिच्यासाठी वेगळी पकड लागते.

फोन जाळीला अगदी चिकटवू नये. मध्ये दीड-दोन सेंटिमीटर जागा ठेवली तर वारा पाठीवरून पसरून कडेने निघतो. चिकटवला तर वाराच अडतो आणि एसी बाकीच्या जाळ्यांतून जातो.

कव्हर, स्क्रीन आणि इतर किरकोळ

फोन तापला की पहिला सल्ला मिळतो तो कव्हर काढण्याचा. डॅशबोर्डच्या माथ्यावर असताना कव्हर काढून पाहिले होते. फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा पडला. कारण सरळ आहे. स्थिर हवेत उष्णतेची खरी अडवणूक हवाच करते. दोन मिलिमीटर रबराची भर त्यात थोडीशीच. जाळीवर वारा सुरू झाल्यावर हवेची अडवणूक निम्म्याहून कमी होते आणि मग कव्हरचा वाटा जाणवू लागतो. तिथे कव्हर काढल्यावर आणखी दोन अंश उतरले. म्हणजे कव्हर काढायचेच असेल तर वाऱ्यासमोर काढा. नाहीतर फोन पडल्यावर फुटण्याचा धोका तेवढा विकत घेतला. कव्हरमध्ये चुंबकाची लोखंडी पट्टी ठेवायची सवय असेल तर ती वायरलेस चार्जरवर कधीही नको. ती पट्टीच तापते.

स्क्रीनचा उजेड आपोआप ठरत असेल तर सेन्सरवर ऊन पडताच फोन सर्वात प्रखर पातळीला जातो. सावलीत आणल्यावर तो आपणहून उतरला, वेगळे काही करावे लागले नाही. मॅपचा काळा रंग ठेवावा असे सांगणारे पुष्कळ. ओएलईडी स्क्रीनवर त्याने वीज वाचते हे खरे, पण भर दुपारी काळ्या मॅपवरचा रस्ता शोधायला डोळे बारीक करावे लागतात. रात्रीसाठी ठीक, दिवसा नको. सॅटेलाइटचे चित्र मात्र बंदच ठेवावे. त्याने डेटाही जातो आणि प्रोसेसरही राबतो.

गाडीच्या काचेला गडद फिल्म लावण्याचा विचारही चालकाने बोलून दाखवला होता. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा असा मोटार वाहन नियम आहे, त्यामुळे काच गडद करण्याचा मार्ग बंदच. ज्यांना जाळीवर फोन लावणे जमतच नाही, उदाहरणार्थ जाळी खूप खाली आहे आणि नजर रस्त्यावरून हलते, त्यांनी माथ्यावरच ठेवून पाठ आणि काच यांच्यामध्ये पांढऱ्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा उभा करावा. फोनपासून दोन बोटे अंतर ठेवून, आणि माथ्यावर फोनच्या उंचीपेक्षा वर न जाणारा, म्हणजे समोरचा रस्ता झाकला जाणार नाही. फोनलाच चंदेरी फॉइल चिकटवू नये. त्याने सिग्नल अडतो, आणि सिग्नल शोधायला फोन आणखी तापतो.

मागे चिकटवायचे छोटे पंखे आणि बर्फासारखी गार पडणारी विजेची चकती हेही बाजारात मिळते. जाळीतून फुकटचा वारा येत असताना ते घेण्यात अर्थ नाही. शिवाय ती गार चकती आपल्या दमट हवेत पाणी धरते.

निघतानाची दहा मिनिटे

एवढे करूनही एक दिवस आकडा ४३ वर गेला. वेळ तीच, रस्ता तोच. फरक एवढाच की त्या दिवशी झाडाखाली जागा न मिळाल्याने गाडी उघड्यावर लावली होती, आणि चालक घाईत बसताक्षणी फोन होल्डरला लावून, केबल खोचून निघाला. उन्हात तापलेल्या गाडीत होल्डर, जाळी आणि त्यामागची नळी हे सगळेच इतके तापलेले असते की पहिली काही मिनिटे एसीतून गरमच वारा येतो. तो थेट फोनच्या पाठीवर. फोन एकदा ४३ वर गेला की खाली यायला वीसेक मिनिटे घेतो.

तेव्हापासून क्रम असा ठेवला. चारही काचा खाली, एसी पूर्ण वेगाने बाहेरची हवा घेऊन, दोन मिनिटे. मग काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण. फोन तोवर खिशात. मॅपमध्ये ठिकाण टाकून, आवाज चालू करून. जाळीतला वारा हाताला गार लागला की फोन होल्डरला. केबल त्यानंतर पाच मिनिटांनी, पहिल्या सिग्नलला. पहिल्या पाच मिनिटांत बॅटरी एखादा टक्का उतरली तर उतरली.

फोन आधीच तापून संदेश देऊ लागला असेल तर गाडी कडेला घेऊन आधी केबल काढायची, मग कव्हर, मग फोन गार जाळीसमोर धरायचा किंवा पायाशी सावलीत ठेवायचा. स्क्रीन बंद केली तरी मॅपचा आवाज चालू राहतो; रस्ता ओळखीचा असेल तर पुढचा प्रवास नुसत्या आवाजावर होतो आणि उष्णतेचा मोठा भाग तिथेच कमी होतो. ओला रुमाल, बर्फाचा गोळा, थंड पाण्याच्या बाटलीला टेकवणे, घरी पोहोचल्यावर फ्रिज, हे सगळे टाळायचे. अचानक गार झालेल्या फोनच्या आत दव धरते आणि ते बाहेरून दिसत नाही.

घाट आणि पावसाळा

दोन परिस्थितींत ही मांडणी तोकडी पडते, आणि दोन्ही याच पट्ट्यातल्या आहेत. पहिली घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ. सीएनजीवरची भरलेली छोटी गाडी चढावर ओढत नाही म्हणून बरेच चालक एसी बंद करतात, आणि तिथे ट्रकच्या रांगेत वीस मिनिटे जातात. वारा गेला की जाळीवरचा फोन इतर कुठेही लावलेल्या फोनसारखाच तापतो. कामासाठी घाटापलीकडे फाउंटन हॉटेलच्या बाजूला जायचे असेल तेव्हा एसी बंद करण्याआधी केबल काढायची, एवढा नियम पुरला.

दुसरी जुलैत. काचेवर वाफ धरली की वारा समोरच्या काचेकडे वळवावा लागतो, जाळीतला वारा कमी होतो. पण तेव्हा ऊन नसते, त्यामुळे हिशेबातले चार वॉट आधीच गेलेले. फोन ३५ च्या पुढे सरकला नाही. खरा त्रास उलट्या बाजूने आला. मॅप बंद असताना, चार्जिंग न करता फोन तासभर गार वाऱ्यात राहिला आणि तुर्भ्याला उतरून बाहेर काढताच कॅमेऱ्याच्या काचेवर आतून धुके आले. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली असते की २५ अंशांच्या खाली गेलेल्या वस्तूवर पाणी धरतेच. तेव्हापासून जूननंतर मॅप चालू नसेल तर फोन होल्डरवर ठेवला जात नाही, आणि चालू असला तरी फोनमागच्या पट्ट्या वाऱ्याचा झोत थोडा वर जाईल अशा तिरप्या करून ठेवल्या जातात.